इमर्जन्सी ट्रॉली रोज कशी तपासायची: सील, ऑक्सिजन, औषधं आणि डिफिब्रिलेटर

वॉर्डातल्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या रजिस्टरमध्ये महिनाभर टिकच्या खुणा असतात, खाली सह्या असतात, आणि तरीही ऐनवेळी लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही. असं होतं, कारण बहुतेक यादी ‘वस्तू आहे का’ एवढंच विचारते. लॅरिंगोस्कोप होता, म्हणून टिक पडली. तो उघडून दिवा लावून कुणी पाहिला नव्हता. ट्रॉलीवरच्या निम्म्या वस्तू नुसत्या बघून कळतच नाहीत. त्या चालवून, दाबून, ओढून, उघडून पाहाव्या लागतात.

खाली दिलेली पद्धत प्रौढ रुग्णांच्या साध्या वॉर्डातल्या, सील लावलेल्या ट्रॉलीची आहे. लहान मुलांच्या किंवा प्रसूतीच्या वॉर्डात साहित्याचे साइझ आणि काही औषधं बदलतात, पण तपासण्याची रीत तीच राहते. सगळं व्यवस्थित असेल तर दहा ते पंधरा मिनिटं लागतात. वेळ निवडताना ड्युटी बदलल्यावरची पहिली शांत वेळ धरावी. हँडओव्हरच्या गडबडीत केलेली तपासणी हमखास अर्धवट राहते. आणि ती एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावी. ‘ऑक्सिजन तू बघ, मी औषधं बघते’ अशी वाटणी केली की मधली एखादी गोष्ट दोघींच्याही हातून सुटते.

आधी सील, मग बाकीचं

ट्रॉलीच्या खणांना प्लास्टिकचं नंबर असलेलं सील असतं. ते ओढलं की तुटतं, परत जोडता येत नाही. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे सीलवरचा नंबर वाचून रजिस्टरमधल्या कालच्या नंबराशी जुळवणं. सील ‘आहे’ एवढं पुरेसं नाही, नंबर तोच हवा. नंबर जुळला, सील अखंड असेल, तर आतली औषधं आणि साहित्य शेवटच्या पूर्ण तपासणीत होतं तसंच आहे असं मानता येतं. मग खण रोज उघडायची गरज नाही. बाहेरच्या वस्तू, म्हणजे ऑक्सिजन, सक्शन, डिफिब्रिलेटर, अँब्यू बॅग, हे मात्र रोज तपासायचं.

नंबर जुळला नाही आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंदही नाही, तर संपूर्ण ट्रॉली उघडून मोजायची. इथे सवलत नाही. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. रात्री एखादा कॅन्यूला संपला, स्टोअर बंद होतं, ट्रॉलीतून एक घेतला आणि नवं सील लावून टाकलं. घेणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याने नेमकं काय काय घेतलं हे आता कुणालाच माहीत नसतं. यावर एक साधा उपाय आहे. कोऱ्या सीलची जुडी ट्रॉलीच्याच खणात ठेवू नये. ती इन्चार्ज सिस्टरकडे असावी आणि प्रत्येक सील सहीवर निघावं. जुडी हाताशी असली की ट्रॉली उघडून परत बंद करणं इतकं सोपं होतं की सीलला काही अर्थच उरत नाही.

सील अखंड असलं तरी महिन्यातून किमान एकदा ट्रॉली पूर्ण उघडायची, आणि प्रत्येक वापरानंतर तर लगेच. काही ठिकाणी ही पूर्ण तपासणी दर आठवड्याला होते. आपल्या रुग्णालयाचा नियम असेल तो पाळावा. मात्र पूर्ण तपासणीचा दिवस ठरलेला असू द्या, ‘वेळ मिळाला की’ नको.

एक जोड इथेच सांगून टाकते. पूर्ण तपासणी संपली की आतल्या सगळ्या वस्तूंमधली सर्वांत जवळची एक्स्पायरी शोधायची आणि ती एका पट्टीवर लिहून ट्रॉलीच्या दर्शनी बाजूला चिकटवायची: वस्तूचं नाव, महिना, वर्ष. रोज सकाळी सीलच्या नंबराबरोबर ही पट्टीही वाचायची. सील न तोडता आत काही मुदतबाह्य झालं आहे का, हे कळण्याचा हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

ऑक्सिजन: काटा काय सांगतो आणि काय लपवतो

सिलिंडरकडे नुसतं बघून ‘फुल्ल आहे’ म्हणण्यात सगळ्यात जास्त फसगत होते. आधी काटा कसा फसवतो ते समजून घेऊ.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, पण रेग्युलेटरमध्ये अडकलेला वायू फ्लोमीटरमधून सोडून दिला नाही, तर काटा जागच्या जागी उभा राहतो. सिलिंडर नंतर रिकामं झालं, तरी तो जुनाच दाब दाखवत राहू शकतो. उलटही घडतं. व्हॉल्व्ह बंद करून वायू नीट सोडून दिला असेल तर काटा शून्यावर असतो, आणि नवखा माणूस भरलेलं सिलिंडर ‘रिकामं’ म्हणून परत पाठवतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही.

क्रम असा. हात कोरडे असावेत. सॅनिटायझरने ओले किंवा क्रीम लावलेले हात ऑक्सिजनच्या जोडणीला लावू नयेत, कारण तेल आणि अल्कोहोल दोन्ही ऑक्सिजनच्या सान्निध्यात सहज पेट घेतात. सिलिंडर साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेलं आहे का, आणि व्हॉल्व्ह उघडायची चावी तिथेच अडकवलेली आहे का, हे पाहा. ही चावी हरवणं ही सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात नडणारी गोष्ट. ती दोरीने सिलिंडरलाच बांधलेली हवी.

फ्लोमीटर बंद ठेवून व्हॉल्व्ह हळू उघडा. झटक्याने उघडला तर वायू एकदम दाबला जाऊन रेग्युलेटरमध्ये उष्णता निर्माण होते, तेव्हा ही सावकाशी सवयीची करा. आता काटा वाचा. तो वाचून झाला की व्हॉल्व्ह परत बंद करा आणि मिनिटभर काट्याकडे बघत राहा. फ्लोमीटर बंद असताना काटा खाली सरकत असेल तर जोडणीत कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या मधला छोटा वॉशर झिजलेला किंवा गायब असतो. काटा स्थिर राहिला तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडा, फ्लोमीटर १५ लिटरपर्यंत न्या, गोळी वर जाते का पाहा आणि नळीच्या टोकाशी हाताला वारा लागतो का पाहा. गोळी वर आणि टोकाशी वारा नाही, म्हणजे नळी कुठे तरी मुरगळलेली किंवा सुटलेली आहे.

शेवटी व्हॉल्व्ह बंद, फ्लोमीटर उघडा ठेवून काटा शून्यावर येऊ द्या, मग फ्लोमीटर बंद. एवढं केलं की उद्याच्या माणसाला काटा खरं बोलेल. काही नव्या सिलिंडरमध्ये रेग्युलेटर आतच असतो आणि व्हॉल्व्ह बंद असतानाही काटा दाब दाखवतो. तिथे काटा खरा असतो, पण प्रवाह येतो का हे तरीही चालवूनच पाहायचं.

आता काट्यावरच्या आकड्याचा अर्थ. सिलिंडरच्या मानेजवळ त्याची पाण्याची क्षमता लिटरमध्ये कोरलेली असते. ती क्षमता गुणिले दाब (बारमध्ये) म्हणजे साधारण शिल्लक ऑक्सिजन, लिटरमध्ये. किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये काटा असेल तर तो आकडा बारच्या जवळपासच असतो. पीएसआय असेल तर १४.५ ने भागा.

उदाहरण घेऊ. ५ लिटर क्षमतेचं छोटं सिलिंडर, काटा ५० बारवर. ५ × ५० = २५० लिटर. सिलिंडर तळापर्यंत रिकामं करायचं नसतं, म्हणून १० बार राखीव धरले तर वापरता येतील ४० × ५ = २०० लिटर. अँब्यू बॅगला १५ लिटर प्रति मिनिटाने ऑक्सिजन लावला तर हे १३ मिनिटं पुरेल. सीपीआर तेरा मिनिटांत संपतोच असं नाही, आणि त्यानंतर रुग्णाला आयसीयूत न्यायचं असतं. तेच सिलिंडर १४० बारवर असतं तर (१४० − १०) × ५ = ६५० लिटर, म्हणजे ४३ मिनिटं. ‘अजून आहे की थोडा’ या वाक्याचा अर्थ अशा वेळी तेरा मिनिटं असतो. भिंतीवरच्या पॉइंटमधून ऑक्सिजन मिळतो म्हणून ट्रॉलीच्या सिलिंडरकडे दुर्लक्ष होतं, पण बाथरूममध्ये कोसळलेल्या रुग्णाला तो पॉइंट उपयोगी पडत नाही. अर्ध्याखाली गेलेलं सिलिंडर मी बदलायला पाठवते. बदलून येईपर्यंत जुनं हलवत नाही.

आणि काल १२० असलेला काटा आज ५० वर असेल, मधे कुणी वापरल्याची नोंद नसेल, तर नवं सिलिंडर लावून विषय संपत नाही. आधी गळती शोधा, नाहीतर नवंही दोन दिवसांत तिथेच येईल.

श्वासाचं साहित्य: दाबून, ओढून बघायचं

अँब्यू बॅग हातात घ्या. रुग्णाच्या बाजूचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि बॅग दाबा. हाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे. फुस्स करून बॅग सहज चपटी झाली तर व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही किंवा फाटलेला आहे. धुऊन परत जोडताना आतली छोटी चकती उलटी बसणं हे त्याचं नेहमीचं कारण. लहान मुलांच्या बॅगेत मात्र दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे ठरावीक दाबानंतर हवा सुटणं हे बरोबरच आहे, ते बिघाड समजू नका.

मग तोंड उघडं ठेवून बॅग दाबा आणि सोडा. ती लगेच फुगून पूर्ववत झाली पाहिजे. रिझर्व्हॉयर पिशवी जोडलेली आहे का, तिला भोक नाही ना, हे पाहा. ती नसली तर बॅग चालते, पण रुग्णाला मिळणारा ऑक्सिजन बराच कमी होतो, आणि हे बाहेरून कळत नाही. मास्कची कड मऊ आणि हवेने फुगलेली असावी. बसलेली कड चेहऱ्याला बसत नाही.

लॅरिंगोस्कोपच्या प्रत्येक ब्लेडची तपासणी वेगळी करायची. हँडलला एक ब्लेड लावून दिवा लागला म्हणून दुसऱ्याचाही लागेल असं नसतं, कारण बऱ्याच प्रकारांत बल्ब ब्लेडमध्ये असतो. ३ आणि ४ नंबर, दोन्ही लावा. प्रकाश पांढरा आणि ठाम हवा. पिवळसर, लुकलुकणारा असेल तर सेल बदला. बल्ब बोटाने हळूच हलवून घट्ट आहे का पाहा, कारण सैल बल्ब घशात पडू शकतो. तपासून झाल्यावर ब्लेड मिटवून किंवा काढून ठेवा. उघडं ठेवलं तर दिवा जळत राहतो आणि संध्याकाळपर्यंत सेल संपतात.

सक्शनचं मशीन सुरू करा, नळी दुमडून टोक बंद करा आणि काटा किती वर चढतो ते पाहा. ३०० एमएम एचजीच्या पुढे जायला हवा, आणि तोही झपाट्याने. चढत नसेल तर आधी बाटलीचं झाकण पाहा. दहापैकी आठ वेळा झाकण तिरकं बसलेलं असतं. यॅंकॉवर, म्हणजे तोंडात घालायची सक्शनची कडक नळी, जोडलेला किंवा पाकिटासह शेजारीच हवा, खणात शोधायला लागू नये. बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर प्लग काढूनच ही चाचणी करा.

ईटी ट्यूब, गेडेल, एलएमए किंवा आय-जेल हे सीलबंद खणात असतात. पूर्ण तपासणीत त्यांचे साइझ, पाकीट अखंड आहे का आणि एक्स्पायरी पाहायची. ट्यूबचा कफ तपासायला पाकीट फोडू नये. ती तपासणी वापराच्या क्षणी होते. मात्र कफ फुगवायची १० मिलीची सिरिंज आणि ट्यूब बांधायची पट्टी ट्यूबच्याच खणात आहे का, हे आवर्जून बघा. याद्यांमध्ये या दोन गोष्टी बऱ्याचदा नसतातच.

औषधं: नुसती संख्या नको, हिशेब हवा

पूर्ण तपासणीच्या दिवशी औषधांचा खण बाहेर काढून टेबलावर ठेवा. यादीत ‘ॲड्रेनलिन १०’ असं का लिहिलंय हे माहीत असेल तर मोजणीला अर्थ येतो. कार्डियाक अरेस्टमध्ये ॲड्रेनलिन दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिग्रॅ दिलं जातं. अर्धा तास सीपीआर चालला तर सहा ते दहा अँप्युल लागतात. चार आहेत म्हणून ‘आहे’ अशी टिक मारली तर पंधराव्या मिनिटाला कुणालातरी पळावं लागतं. अमिओडॅरोनचंही तसंच. पहिला डोस ३०० मिग्रॅ, दुसरा १५०. एका अँप्युलमध्ये १५० मिग्रॅ असतं, म्हणजे किमान तीन. दोन असणं म्हणजे दुसरा डोस नसणं. अॅट्रोपिनची अँप्युल ०.६ मिग्रॅची असेल तर एकूण कमाल ३ मिग्रॅ गाठायला पाच लागतात. खरेदीत अँप्युलची ताकद बदलली की संख्याही बदलावी लागते, म्हणून प्रत्येक नावापुढे ताकद वाचायची सवय लावा.

मग एक्स्पायरी. पाकिटावर दोन तारखा असतात, निर्मितीची आणि मुदतीची, आणि घाईत चुकून पहिली वाचली जाते. काही साहित्यावर शब्दच नसतात, नुसत्या खुणा असतात: वाळूच्या घड्याळाची खूण म्हणजे वापरायची मुदत, कारखान्याची खूण म्हणजे निर्मिती. महिना आणि वर्ष एवढंच छापलेलं असेल, उदाहरणार्थ एक्स्पायरी ०९/२०२५, तर ते साधारणपणे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. म्हणजे १ ऑक्टोबरला ते ट्रॉलीत नको. म्हणूनच मासिक तपासणी महिन्याच्या पहिल्या तारखेला केली तर फायदा होतो. आदल्या दिवशी संपलेलं सगळं एका हाताने बाहेर निघतं.

अँप्युल मूळ खोक्यातून काढून सुट्या ट्रेमध्ये ओतण्याची पद्धत घातक आहे. सुट्या अँप्युलवरची छपाई बारीक असते, घासली गेली की मुदत वाचता येत नाही, आणि वेगवेगळ्या बॅचची सरमिसळ होते. मुदत वाचता न येणारी अँप्युल मुदतबाह्य समजून काढून टाका. कप्प्यात आधी संपणारी पुढे आणि नंतरची मागे लावा. तीन महिन्यांत संपणारी औषधं ट्रॉलीतच संपू देण्यापेक्षा आयसीयूसारख्या ती रोज लागणाऱ्या विभागाशी फार्मसीमार्फत बदलून घ्या. फुकट जाणारं औषध वाचतं आणि ट्रॉलीलाही लांब मुदतीचं मिळतं.

तारीख ठीक असली तरी रंग बघा. ॲड्रेनलिन गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर ते टाकायचं. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या अँप्युलमध्ये स्फटिक दिसले तर तीही बाजूला. अॅडेनोसिन कुणी काळजीपोटी फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर तिथून काढा. थंडीत त्याचे स्फटिक होतात, ते खोलीच्या तापमानालाच ठेवायचं असतं. उलट सक्सामिथोनियमसारखी फ्रीजमधली औषधं ट्रॉलीत नसतातच. ती कुठल्या फ्रीजमध्ये आहेत हे ट्रॉलीच्या यादीवर लिहिलेलं असावं.

आणि एक गोष्ट ट्रॉलीत अजिबात नको: पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल. डिस्टिल्ड वॉटरच्या आणि सलाईनच्या १० मिलीच्या प्लास्टिक अँप्युलसारखीच ती दिसते, आणि घाईत औषध विरघळवायला पाणी म्हणून ती ओढली गेली तर पुढचं सांगायला नको. मोजताना पाण्याच्या कप्प्यातली प्रत्येक अँप्युल फिरवून तिच्यावरचं नाव वाचा.

डिफिब्रिलेटर: प्लग काढून तपासा

मशीन भिंतीच्या प्लगवर असताना तपासलं तर बॅटरीबद्दल काहीच कळत नाही, आणि मशीन रुग्णापाशी जातं ते बॅटरीवरच. म्हणून आधी प्लग काढा, मग सुरू करा. मॅन्युअल डिफिब्रिलेटरमध्ये पॅडल त्यांच्या जागेत घट्ट बसवलेले असताना मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या कमी ऊर्जेवर, अनेक मॉडेलमध्ये ३० ज्यूल, चार्ज करून तिथेच डिस्चार्ज करतात. काही मशीन आपली चाचणी आपणच करून पट्टी छापतात. आपल्या मॉडेलची पायरी लॅमिनेट करून मशीनला बांधून ठेवा. पॅडल हवेत धरून किंवा एकमेकांवर टेकवून डिस्चार्ज कधीही करू नये.

चार्ज व्हायला लागणाऱ्या वेळाकडे लक्ष असू द्या. मशीन चांगलं असेल तर अशी छोटी ऊर्जा काही सेकंदांत भरते. रोजच्यापेक्षा जास्त वेळ घेऊ लागलं म्हणजे बॅटरी म्हातारी होत चालली आहे, बायोमेडिकल विभागाला आत्ताच कळवा. ‘टेस्ट ओके’ची पट्टी तारीख-वेळेसह रजिस्टरला चिकटवा. पट्टी कोरी येत असेल तर कागदाचा रोल उलटा बसलेला असू शकतो. मशीनचं घड्याळही पाहा. ते वीस मिनिटं मागे असेल तर नंतर कोडची, म्हणजे सीपीआरच्या प्रसंगाची, नोंद जुळवताना डॉक्टर आणि सिस्टर दोघांचा गोंधळ उडतो.

सिंक मोडचा दिवा बंद असायला हवा. सिंक मोडमध्ये मशीन ईसीजीतल्या आर लहरीची वाट बघतं. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असताना, ती लहर नसतेच, म्हणून बटण दाबूनही शॉक बसत नाही आणि मशीन बिघडलं असं वाटतं. बरीच मशीन बंद केल्यावर सिंक आपोआप काढतात, सगळी नाही.

चिकटणारे पॅड वापरत असाल तर पाकिटाची मुदत आणि पाकीट अखंड असल्याची खात्री करा. उघडलेल्या पाकिटातले पॅड सुकतात आणि चिकटत नाहीत. पॅडल असतील तर त्यांच्या धातूवर वाळलेला जेल नसावा, आणि जेलची ट्यूब पिळून बघा. झाकण उघडं राहिलेली ट्यूब आतून दगड झालेली असते. ईसीजीच्या तिन्ही लीडच्या टोकांना इलेक्ट्रोड लागतात का, तेही एकदा.

मग प्लग परत लावा, भिंतीवरचं बटण सुरू करा आणि मशीनवरचा चार्जिंगचा दिवा लागलेला स्वतः पाहा. तपासणी करणाऱ्याच्याच हातून बॅटरी संपते ती इथे: प्लग लावला, बटण विसरलं. सफाईच्या वेळी तोच प्लग काढून तिथे दुसरं काही लावलं जातं, म्हणून सफाईनंतर येताजाता एक नजर त्या दिव्यावर टाकलेली बरी.

एक सकाळ, प्रत्यक्ष

समजा १ ऑक्टोबर २०२५ ची सकाळ. रजिस्टरात कालचा सील नंबर ४०७१८, ट्रॉलीवर ४०७३१. मधे नोंद नाही. म्हणजे पूर्ण उघडायची. एरवीही आज पहिली तारीख, त्यामुळे उघडायचीच होती.

औषधांच्या खणात ॲड्रेनलिन दहा आहे, पण फिरवून वाचल्यावर सात ०३/२०२६ ची आणि तीन ०९/२०२५ ची निघतात. त्या तिघींची मुदत काल संपली. म्हणजे वापरण्याजोगी सात. अमिओडॅरोन दोनच, एक नाही. कॅन्यूला एक कमी. बाहेर सिलिंडरचा काटा ५० बारवर, तोही व्हॉल्व्ह उघडून वाचलेला, आणि मिनिटभरात हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग रात्री कुणाला तरी ऑक्सिजन दिला असणार. रात्रपाळीची सिस्टर निघायच्या आत विचारल्यावर कळतं: पहाटे एका रुग्णाची नाडी बिघडली होती, डॉक्टरांनी अमिओडॅरोन दिलं, ऑक्सिजन लावून रुग्णाला वर हलवलं, परत आल्यावर सील लावलं, नोंद करायची राहिली.

आता क्रम महत्त्वाचा. पहिला फोन सिलिंडरसाठी, कारण त्याला यायला वेळ लागतो. दुसरा फार्मसीला, तीन ॲड्रेनलिन आणि एक अमिओडॅरोन तातडीने. शेजारच्या वॉर्डाच्या ट्रॉलीतून उसनं आणायचं नाही. त्याने खड्डा भरत नाही, फक्त दुसऱ्या वॉर्डात सरकतो. मुदतबाह्य तीन अँप्युल वेगळ्या पिशवीत, ‘वापरू नये’ असं लिहून फार्मसीला परत, कारण त्या वॉर्डात राहिल्या तर कुणीतरी परत खणात ठेवतंच. कॅन्यूला वॉर्डाच्या साठ्यातून.

औषधं यायला अर्धा तास लागणार असेल तर तोवर ट्रॉली वापराबाहेर ठेवून चालत नाही. तात्पुरतं सील लावा, नंबर लिहा, आणि ट्रॉलीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा: ‘ॲड्रेनलिन ७, अमिओडॅरोन २, ऑक्सिजन ५० बार.’ वॉर्डात त्या वेळी असलेल्या डॉक्टरांनाही तोंडी सांगा. कोड झालाच तर धावणाऱ्याला काय आणायचं हे आधीच माहीत असतं.

रजिस्टरातली नोंद अशी: ‘१/१०/२५, सकाळी ७.४०. सील ४०७१८ नसून ४०७३१, रात्री वापर, नोंद नव्हती. ॲड्रेनलिन ३ मुदतबाह्य काढल्या, ३ मागवल्या. अमिओडॅरोन १ कमी, मागवली. सिलिंडर ५० बार, बदली मागितली ७.४५. डिफिब्रिलेटर बॅटरीवर तपासला, पट्टी जोडली. तात्पुरतं सील ४०७४४.’ आणि औषधं आल्यावर त्याच खाली: ‘८.२० ला पूर्ण, नवं सील ४०७४५, सर्वांत जवळची एक्स्पायरी डेक्स्ट्रोज १२/२०२५.’ दर्शनी पट्टीवरही तेच बदलायचं.

‘ओके’ या शब्दाला रजिस्टरात जागा देऊ नका. काट्याचा आकडा, सीलचा नंबर, पट्टीचा कागद, एवढं लिहिलं की कोण खरंच तपासतं हे आठवड्याभरात आपोआप दिसतं. सलग सात दिवस ‘१४० बार’ लिहिलेलं असेल आणि मधे दोनदा ऑक्सिजन वापरला गेला असेल, तर ते आकडे काट्यावरून नाही, वरच्या ओळीवरून उतरवलेले आहेत.